अर्ज, ठराव आणि हिशेब: भाषा-मॉडेलकडून कोणते लिखाण करून घ्यावे आणि कोणते घेऊ नये (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी लोकांचे अर्ज, निवेदने आणि बचत गटांचे कागद तयार करून देण्याचे काम करतो. अलीकडे बरेच जण मोबाइलवर भाषा-मॉडेलकडून मजकूर तयार करून आणतात आणि तो बरोबर आहे का, असे विचारतात. पुढील प्रश्न त्या बोलण्यातून आलेले आहेत. उत्तरे केवळ गावपातळीवरील लिखाण, वाचन आणि हिशेबापुरती आहेत.

भाषा-मॉडेल मजकूर तयार करते म्हणजे नेमके काय करते?

आतापर्यंतच्या मजकुरानंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त आहे, हे ते पुन्हा पुन्हा ठरवते आणि तुकड्याला तुकडा जोडत जाते. हे तुकडे नेहमी पूर्ण शब्द नसतात. देवनागरीतील एक शब्द बहुधा अनेक तुकड्यांत फोडला जातो. मॉडेलने शिकताना लाखो अर्ज, बातम्या आणि कायद्यांचे मजकूर वाचलेले असल्यामुळे अर्जाचा घाट, मायना आणि सरकारी वळणाची वाक्ये त्याला सहज जमतात. मात्र आपले वावर कोठे आहे, वाट कोणी अडवली आणि सभेत कोण काय बोलले, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. आपण सांगितले नाही, तरी ते तेथे थांबेलच असे नाही. अशा अर्जांत त्या जागी सहसा जे लिहिलेले असते, ते तेथे येऊन बसते. या पानावर सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका कारणातून निघतात.

मग कोणते काम ते खरोखर चांगले करते?

ज्या कामाचा सगळा माल आपण त्याच्यापुढे ठेवलेला असतो, ते काम. विस्कळीत टिपणाचा नीट अर्ज करणे, लांबलेले निवेदन अर्ध्यावर आणणे, रागाच्या भरात लिहिलेले पत्र सौम्य करणे, बँकेची इंग्रजी नोटीस सोप्या मराठीत समजावून देणे आणि एकच मजकूर तहसीलदार व गटविकास अधिकारी यांच्यासाठी वेगवेगळा मांडणे, ही कामे ते मिनिटभरात करते आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा नीटनेटकी करते. माहिती अधिकाराच्या अर्जाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा. लोक तीन पाने भरून तक्रारीच लिहून आणतात. त्या तीन पानांतून मागायची माहिती वेगळी काढून ती पाच मुद्द्यांत बसवणे मॉडेलला उत्तम जमते. शब्द मात्र आपण मोजावेत, कारण ते तुकड्यांनी लिहिते आणि स्वतः लिहिलेले शब्द मोजताना चुकते. १५० शब्दांचा म्हणून दिलेला अर्ज १९० शब्दांचा निघणे नवलाचे नाही.

तयार झालेला अर्ज वाचायला चांगला वाटतो. तरी तो तपासावा का लागतो?

गेल्या हंगामात आलेले एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळे आले. एका शेतकऱ्याची शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बैलबंडी आणि ट्रॅक्टर नेण्याची पंधरा वर्षांची वहिवाट होती. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याने तेथे काटेरी तारेचे कुंपण घातले. शेतकऱ्याच्या मुलाने मॉडेलला चार ओळी दिल्या: वाट अडवली आहे, पेरणी थांबली आहे, तहसीलदारांकडे अर्ज करायचा आहे, गट क्रमांक अमुक. दीड पानाचा, एकही व्याकरणदोष नसलेला अर्ज आला. तो आम्ही दोघांनी ओळीओळीने वाचला.

‘पूर्वापार, अनेक पिढ्यांपासून वापरात असलेला रस्ता’ असे पहिल्याच परिच्छेदात होते. वहिवाट पंधरा वर्षांची होती आणि त्यापूर्वी ते दुसऱ्या बाजूने जात असत. ‘वारंवार विनंती करूनही गैरअर्जदाराने दाद दिली नाही’ असेही होते. प्रत्यक्षात त्यांचे बोलणे एकदाच झाले होते, आणि तेही शेजाऱ्याच्या भावाशी. अर्जाच्या शेवटी ‘सोबत गाव नकाशाची प्रत जोडली आहे’ असे वाक्य होते, पण नकाशा कोणी काढलेलाच नव्हता. यांतील एकही गोष्ट मुलाने सांगितलेली नव्हती. रस्त्याच्या अर्जांत ही वाक्ये नेहमी असतात, म्हणून ती येथेही आली.

असे वाक्य अंगावर येते ते चौकशीच्या दिवशी. मंडळ अधिकारी किंवा तलाठी जागेवर येऊन शेजारच्या चार शेतकऱ्यांना विचारतात आणि ते सरळ सांगतात की वाट पंधरा वर्षांपासूनचीच आहे. मग ‘अनेक पिढ्या’ लिहिणारा अर्जदार खोटा ठरतो आणि त्याची पंधरा वर्षांची खरी वहिवाटही संशयात येते. आम्ही ती तीन वाक्ये काढली, बोलणे कोणाशी व कधी झाले ते लिहिले आणि नकाशाची प्रत मिळवून मगच जोडली.

त्या अर्जात एक गोष्ट नव्हतीच, ती म्हणजे कुंपण घातल्याची तारीख. मुलाने ती दिली नव्हती आणि मॉडेलने विचारली नव्हती. नसलेली गोष्ट वाचताना डोळ्यांना खटकत नाही, त्यामुळे मला स्वतःला ही चूक सर्वांत अवघड वाटते. यावर मला एक उपाय उपयोगी पडला आहे. अर्ज लिहायला सांगण्याआधी, ‘हा अर्ज लिहिण्यासाठी तुला कोणती माहिती लागेल, ती फक्त प्रश्नांच्या रूपात दे; जे मी सांगितले नाही, त्या जागी रिकामा कंस ठेव’ असे लिहावे. हे प्रश्न विचारण्याचे काम मॉडेल चांगले करते. सांगितल्याशिवाय ते करतेच असे मात्र नाही.

कायद्याचे कलम ते बरोबर देते का?

त्याच अर्जात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ लिहिलेले होते. ते कलम खरे आहे आणि शेतरस्त्याचेच आहे. तरी या प्रकरणाला ते लागू नव्हते. कलम १४३ हे दुसऱ्याच्या जमिनीच्या बांधावरून नवीन रस्ता मागण्यासाठी आहे. वापरात असलेल्या वाटेवरील अडथळा काढून मागायचा असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागावी लागते. ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते आणि अर्जात अडथळा कधी झाला, ती तारीख द्यावी लागते. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला असता आणि काही महिन्यांनी तो परत आला असता, तर सहा महिन्यांची मुदत निघून जाण्याची भीती होती.

मॉडेलच्या दृष्टीने ‘शेतरस्ता, तहसीलदार, अर्ज’ हे शब्द कलम १४३ च्या फार जवळ आहेत, कारण बहुतेक लेखांत ते एकत्र येतात. वाट जुनी आहे की नवी हवी आहे, हा फरक शब्दांत लहान आणि परिणामात मोठा आहे, आणि असे फरक त्याच्या हातून निसटतात. कलमाचा क्रमांक, न्यायनिर्णयाचे नाव, शासन निर्णयाची तारीख आणि मुदतीचे दिवस या चार गोष्टी मी मॉडेलकडून आलेल्या कधीच तशाच ठेवत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी मॉडेलने रचलेले, अस्तित्वातच नसलेले न्यायनिर्णय न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. ते निर्णय वाचायला खऱ्यासारखेच होते. आपल्याकडे यासाठी सोपा उपाय हा की कायद्याचे ते पान स्वतः मिळवून त्यातील मजकूर मॉडेलला द्यावा आणि ‘या मजकुरानुसार माझे प्रकरण कोणत्या वाक्याखाली येते, ते वाक्य जसेच्या तसे दाखव’ असे सांगावे. पुढ्यात ठेवलेल्या मजकुराबाबत ते आठवणीपेक्षा पुष्कळ विश्वासार्ह असते.

ग्रामसभेचे किंवा बचत गटाच्या बैठकीचे इतिवृत्त त्याच्याकडून लिहून घ्यावे का?

टिपण पूर्ण असेल, तर भाषा सुधारून घ्यावी. अपुऱ्या टिपणावरून इतिवृत्त तयार करून घेऊ नये. इतिवृत्तातील सर्वांत ठरलेले वाक्य ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे आहे आणि मॉडेल ते फार सहज लिहिते. एका बचत गटाच्या टिपणात ‘कर्जाचा व्याजदर दोनवरून दीड करण्यावर बोलणे झाले, दोघींचा विरोध’ एवढेच होते. तयार झालेल्या इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चेअंती व्याजदर दीड टक्का करण्यास मंजुरी देण्यात आली’ असे आले. विरोध नाहीसा झाला होता आणि न झालेला निर्णय झाला होता. सचिव ताईंनी ते वाचून दाखवले नसते, तर पुढच्या महिन्यात दीड टक्क्याने वसुली सुरू झाली असती.

सूचक आणि अनुमोदक यांची नावेही अशीच येतात. टिपणात नावे नसतील, तर मॉडेल कधी जागा रिकामी ठेवते आणि कधी उपस्थितांच्या यादीतील पहिली दोन नावे तेथे लावते. म्हणून इतिवृत्त तपासताना भाषा वाचू नये. एका हातात मूळ टिपण घ्यावे आणि इतिवृत्तातील प्रत्येक क्रियापदापाशी थांबावे: ‘ठरले’, ‘मंजूर झाले’, ‘मान्य केले’, ‘सूचना दिली’ यांतील प्रत्येकाला टिपणात आधार आहे का, हे पाहावे. दोन पानांच्या इतिवृत्ताला यासाठी दहा मिनिटे लागतात.

लांबलचक शासन निर्णयाचा सारांश विश्वासाने घेता येतो का?

शासन निर्णय कशाबद्दल आहे, कोणाला लागू आहे आणि त्याची ढोबळ रचना काय, एवढे समजून घेण्यासाठी सारांश चांगला असतो. आपण पात्र आहोत की नाही, हे त्यावरून ठरवू नये. सारांशात मुख्य नियम टिकतो आणि ‘परंतु’, ‘वगळून’, ‘त्यापूर्वी’ यांनी सुरू होणाऱ्या अटी गळतात, तर आपला अर्ज नाकारला जातो तो नेमका अशाच एखाद्या अटीवर. मजकूर फार लांब असेल, तर मधल्या पानांवरील गोष्टी सुटण्याचे प्रमाण सुरुवातीच्या आणि शेवटच्या पानांपेक्षा जास्त असते. त्यामुळे चाळीस पाने एकदम देण्याऐवजी तीन-तीन पाने द्यावीत आणि सारांश न मागता ‘यातील सर्व अटी व अपवाद मूळ शब्दांत काढ’ असे सांगावे.

एक अडचण आपल्या सरकारी कागदांची आहे. अनेक जुने मराठी कागद युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ते पडद्यावर मराठी दिसतात, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याची निरर्थक अक्षरे होतात. मॉडेल अशा अक्षरांतूनही काही ओळखीचे तुकडे पकडून सुबक सारांश लिहू शकते. म्हणून चिकटवलेला मजकूर आधी स्वतः वाचून पाहावा. आपल्याला तो वाचता येत नसेल, तर त्यावरून आलेला सारांश फेकून द्यावा.

हिशेबाच्या कामात ते कसे आहे?

हिशेब कसा मांडावा हे ते चांगले सांगते, पण आकडेमोड स्वतः करताना घसरते. कापूस वेचणीच्या वहीतील चाळीस-पन्नास नोंदी देऊन बेरीज मागितली, तर येणारा आकडा बरोबर असू शकतो किंवा थोडासा चुकलेला असू शकतो, आणि थोडासा चुकलेला आकडा ओळखू येत नाही. काही साधने पाठीमागे खरा गणकयंत्राचा कार्यक्रम चालवतात, तेथे बेरीज बरोबर येते. आपल्या साधनात तसे होते की नाही, हे वापरणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. म्हणून त्याच्याकडे बेरजेऐवजी एक्सेलसारख्या तक्त्याचे सूत्र मागावे आणि आकडा तक्त्यालाच काढू द्यावा.

बेरजेपेक्षा मोठी चूक मापाची असते. एकाने मक्त्याने, म्हणजे रोख खंडाने, दिलेल्या वावराचा हिशेब करून घेतला. क्षेत्र ‘२.२०’ आणि दर एकरी १२,००० रुपये, असे त्याने लिहिले. मॉडेलने २.२० ला १२,००० ने गुणून २६,४०० रुपये दिले. गुणाकार बिनचूक होता. परंतु आपल्याकडे एकराच्या हिशेबात २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, आणि एकराचे गुंठे चाळीस असल्यामुळे ते क्षेत्र अडीच एकर होते. खरी रक्कम ३०,००० रुपये झाली, म्हणजे फरक ३,६०० रुपयांचा. याच्या उलट, सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि हेक्टराचे आर शंभर असल्यामुळे तेथे २.२० हा दशांश म्हणूनच बरोबर असतो. एकाच आकड्याचे दोन अर्थ कागदागणिक बदलतात, आणि मॉडेलला कागद दिसत नाही. एकर A रकान्यात आणि गुंठे B रकान्यात लिहून पुढील सूत्र वापरल्यास घोटाळा होत नाही:

```
=A2+B2/40
```

वऱ्हाडी बोलीत सांगितलेले त्याला कळते का?

‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे शब्द आणि वाक्याचा रोख बहुतेक वेळा कळतो. जे शब्द प्रमाण मराठीतही आहेत पण तेथे त्यांचा अर्थ वेगळा आहे, तेथे गडबड होते. ‘धुरा’ म्हणजे आपल्याकडे वावराचा बांध, तर प्रमाण मराठीत धुरा सांभाळणे म्हणजे जबाबदारी वाहणे. ‘मक्ता’ म्हणजे आपल्याकडे रोख खंडाने जमीन कसायला देणे, तर अन्यत्र ठेका किंवा एकाधिकार. बोलून टाइप होणाऱ्या सोयीत तर शब्दच बदलून येतात. अशा शब्दांपुढे पहिल्यांदा वापरताना एकदा अर्थ लिहावा: ‘धुरा, म्हणजे दोन शेतांमधील बांध’. पुढे ते नीट चालवते.

हिंदी कागदाचे मराठी करतानाही हेच लक्षात ठेवावे. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे आपसांतील तडजोडीचा लेख आणि मराठीत पद सोडण्याचे पत्र. मध्य प्रदेशातील नातेवाइकांशी झालेल्या वाटणीच्या कागदात हा शब्द तसाच राहिला, तर वाचणाऱ्याचा अर्थाचा अनर्थ होतो.

योजनांची माहिती विचारली तर?

मॉडेलचे शिकणे एका तारखेला थांबलेले असते आणि योजना त्यानंतरही बदलत राहतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून पीक विमा एका रुपयात मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत आला. एक रुपयाच्या विम्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की जुने मॉडेल तेच ठामपणे सांगू शकते. शोध घेऊन उत्तर देणारे साधन असेल, तर त्याने दिलेले मूळ पान उघडून त्यावरील तारीख पाहावी. तसे नसेल, तर हा प्रश्न कृषी सहायकांनाच विचारावा.

‘नक्की बरोबर आहे का?’ असे त्यालाच विचारले तर चालते का?

चालत नाही. बरोबर उत्तरावरही शंका घेतली, तर ते अनेकदा माफी मागून उत्तर बदलते आणि चुकीच्या उत्तराचे कधी ठामपणे समर्थनही करते. त्याच्या भाषेतील खात्री आणि माहितीतील खरेपणा यांचा मेळ नसतो, त्यामुळे सुरावरून काही ओळखता येत नाही. त्यापेक्षा नवीन संभाषण उघडून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत दोन-तीनदा विचारावा. तारीख, क्रमांक किंवा नाव दर वेळी बदलत असेल, तर ते रचलेले आहे असे समजावे. प्रत्येक वेळी तेच आले, तरी ते खरे असल्याचा तो पुरावा नव्हे, कारण सर्वत्र पसरलेली चूक सारखीच येते.

आधार क्रमांक, खाते क्रमांक द्यावे लागतात का?

कोणत्याही अर्जाची भाषा तयार करण्यासाठी ते लागत नाहीत. तेथे रिकामी जागा ठेवून घ्यावी आणि छापील प्रतीवर हाताने भरावे.

असे कोणते लिखाण आहे, जे अजूनही हातानेच करावे?

माझ्या मते जबाब. वाटेच्या त्या प्रकरणात साक्षीदार म्हणून एका वृद्ध काकांचा जबाब लिहायचा होता. ते म्हणाले, ‘म्या सोता त्या धुऱ्यानं बंडी नेली, त्या साली तूर होती तिथं.’ मुलाने तो मॉडेलमधून सुधारून आणला, तेव्हा त्यात ‘सदर मार्गाचा वापर नियमितपणे होत असल्याचे मला ज्ञात आहे’ असे झाले होते. बंडी गेली होती आणि तूरही गेली होती. त्या सालची तूर हीच खूण होती, जी तलाठ्याला जुन्या पीक पाहणीच्या नोंदीत पडताळता आली असती. तो जबाब आम्ही काकांच्या शब्दांत पुन्हा लिहिला आणि त्यांना वाचून दाखवून मग त्यावर त्यांचा अंगठा घेतला.